रांगेतला मधला आकडा

१९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याचे नियम आरएफसी ८२१ मध्ये लिहिले, तेव्हा नकाराचे दोन प्रकार ठेवले. समोरच्या सर्व्हरचं उत्तर ५ ने सुरू झालं तर नकार कायमचा, मेल पाठवणाऱ्याकडे परत. ४ ने सुरू झालं तर अर्थ एवढाच की आत्ता जमत नाही, नंतर या. या 'नंतर'ची सगळी व्यवस्था पाठवणाऱ्या सर्व्हरने करायची होती. मेल डिस्कवर जपून ठेवायचा, काही वेळाने पुन्हा न्यायचा, पुन्हा तेच ऐकलं तर पुन्हा ठेवायचा. किती वेळाने न्यायचा आणि कधी हार मानायची, हे १९८९ च्या आरएफसी ११२३ ने सांगितलं: दोन प्रयत्नांमध्ये साधारण तीस मिनिटं तरी जाऊ द्यावीत आणि चार-पाच दिवस तरी चिकाटी सोडू नये. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही हेच आकडे आहेत.

म्हणजे थांबलेल्या मेलच्या रांगेचे नियम जवळपास तेच राहिले. बदलली ती मेल रांगेत का उभे आहेत याची कारणं. आणि ते कारण प्रत्येक मेलखाली एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचायची सवय ज्यांना नाही ते सर्व्हर बंद करून चालू करतात. बहुतेक वेळा त्याने काहीच होत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

सुरुवातीच्या काळात रांग म्हणजे सेंडमेलची रांग. बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेला हा प्रोग्राम १९८३ पासून बीएसडी युनिक्सबरोबर मिळू लागला. प्रत्येक थांबलेल्या मेलच्या त्याने `mqueue` डिरेक्टरीत दोन फाइली केल्या. `df` ने सुरू होणाऱ्या फाइलीत मजकूर, `qf` ने सुरू होणाऱ्या फाइलीत त्या मेलची कुंडली: कधी आला, शेवटचा प्रयत्न कधी, आजवर प्रयत्न किती, आणि `M` अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत थांबण्याचं कारण. `mailq` म्हटलं की हीच ओळ कंसात दिसायची. त्या काळी ती बहुतेक दोन-तीन साच्यांतली असे. एक तर जोडणीच झाली नाही, नाही तर समोरच्या यंत्राने जोडणी नाकारली, नाही तर डीएनएसकडून उत्तर आलं नाही. सगळी कारणं तारेची आणि यंत्राची. समोरचं यंत्र बंद असे, लाइन पडलेली असे. कुणाचा कुणावर राग नसे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढची काही वर्षं डायल-अपवर चालणाऱ्या छोट्या कचेऱ्यांमध्ये रांग हा बिघाड नव्हता, तो रोजचा व्यवहार होता. दिवसभर मेल साठायचे, मोडेम लागला की जायचे.

सेंडमेलमध्ये एक अडचण होती. साधारणपणे तो दर अर्ध्या तासाने किंवा तासाने संपूर्ण रांग पहिल्यापासून चाळायचा. रांगेत बंद पडलेल्या सर्व्हरांचे शेकडो मेल असले, की प्रत्येकाच्या दारात उत्तराची वाट बघण्यात वेळ जायचा आणि ज्यांचा मार्ग मोकळा आहे ते मेलही मागे खोळंबायचे. दुसरी अडचण माणसांची होती. चार तास मेल गेला नाही की सेंडमेल पाठवणाऱ्याला सूचना धाडायचा आणि तीत मोठ्या अक्षरांत लिहायचा की ही फक्त सूचना आहे, मेल पुन्हा पाठवायची गरज नाही. सूचना वाचून माणूस काय करी? मेल पुन्हा पाठवी. संध्याकाळी लाइन सुरू झाली की पलीकडच्याला तेच पत्र दोन-तीनदा मिळे.

१९९८ मध्ये आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वित्स वेनेमा यांनी पोस्टफिक्स खुला केला आणि रांगेचे भाग पाडले. नुकता आलेला मेल `incoming` मध्ये, ज्याच्यावर आत्ता काम चालू आहे तो `active` मध्ये, आणि ज्याला ४ चं उत्तर मिळालं तो `deferred` मध्ये. `active` मध्ये एका वेळी वीस हजारांपर्यंतच मेल घेतले जातात, म्हणून थांबलेल्यांची गर्दी कितीही झाली तरी नव्यांची वाट पूर्ण अडत नाही. शिवाय प्रत्येक मेलला स्वतःचं वेळापत्रक मिळालं. मेल जितका जुना, साधारण तितकीच पुढची वाट. पहिला नकार आल्यावर पाच मिनिटं, मग मेलचं वय दुप्पट होत जातं: दहा मिनिटं, वीस, चाळीस. एका मर्यादेनंतर मात्र दर ४००० सेकंदांनी, म्हणजे तास-सव्वा तासाने, एक प्रयत्न. पाच दिवसांनी मेल परत.

या वेळापत्रकामागे एक गृहीत आहे: पलीकडे काहीतरी बिघडलंय, ते आपोआप दुरुस्त होईल, तोवर त्याला त्रास देऊ नका. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी निम्म्याहून अधिक वाट बंद झाली, तेव्हा हे गृहीत तंतोतंत लागू पडत होतं. अशा वेळी रांगेत `Connection timed out` किंवा मजकूर पाठवताना जोडणी तुटल्याच्या ओळी दिसतात. आणि प्रशासकाने खरं तर काहीही करायचं नसतं. वाट मोकळी झाली की रांग आपली आपण उतरते.

कारणं वेगवेगळी होऊ लागल्यावर ४ आणि ५ हे दोनच खण अपुरे पडले. १९९६ च्या आरएफसी १८९३ ने तीन आकड्यांचे, टिंबांनी तोडलेले कोड आणले. पहिला आकडा जुनाच: ४ म्हणजे तात्पुरतं, ५ म्हणजे कायमचं. खरी माहिती मधल्या आकड्यात. १ असेल तर गोष्ट पत्त्याची, २ असेल तर पेटीची (ती भरलेली, बंद, किंवा सध्या मेल न घेणारी), ३ असेल तर मेल यंत्रणेची, ४ असेल तर नेटवर्कची, ५ असेल तर दोन सर्व्हरांमधल्या संभाषणाच्या नियमांची, ६ असेल तर मजकुराची, ७ असेल तर सुरक्षेची आणि धोरणाची. मागच्या वीस-पंचवीस वर्षांत रांगेचा मधला आकडा चाराकडून साताकडे सरकत गेला. या मागोव्यात मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच.

त्या सरकण्याचं पहिलं मोठं पाऊल २००३ चं. इव्हान हॅरिस यांनी ग्रेलिस्टिंगची कल्पना मांडली. स्पॅम पाठवणारे प्रोग्राम घाईत असतात, एकदा नकार मिळाला की दुसऱ्या पत्त्याकडे वळतात. प्रामाणिक सर्व्हर मात्र नियम पाळून पुन्हा येतो. मग अनोळखी पाहुण्याला पहिल्यांदा दारातूनच 'थोड्या वेळाने या' म्हणावं. सर्व्हरचा आयपी पत्ता, पाठवणारा आणि घेणारा हे त्रिकूट पहिल्यांदा दिसलं की `450`, आणि ठरावीक वेळाने तेच त्रिकूट परत आलं की प्रवेश. पोस्टग्रे या प्रसिद्ध प्रोग्रामात ही मुदत मुळात ३०० सेकंदांची आहे. कल्पना सुरेख होती, आणि मला तिच्यात एक लबाडीही दिसते. ज्या तात्पुरत्या नकाराचा अर्थ 'मला आत्ता जमत नाही' असा होता, तो पहिल्यांदाच 'मला जमतंय, पण तुला पारखतोय' या अर्थाने वापरला गेला. त्या वेळी पोस्टफिक्सचा पहिला पुनःप्रयत्न हजार सेकंदांनी होई, म्हणजे पाच मिनिटांच्या परीक्षेसाठी मेल पावणेसतरा मिनिटं किंवा जास्तही थांबे. २.४ या आवृत्तीत ती मुदत ३०० सेकंदांवर आली. मोठ्या सेवांचा प्रश्न निराळा होता: त्यांचा पहिला प्रयत्न एका आयपीवरून, दुसरा भलत्याच आयपीवरून होई, आणि ग्रेलिस्टिंगच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी नवा पाहुणा ठरे.

ग्रेलिस्टिंगमुळे थांबलेला मेल रांगेत असा दिसतो:

```
9A41C2E07D  18432 Mon Mar  4 09:12:07  hisheb@example.org
(host mx1.example.com[192.0.2.25] said: 450 4.2.0
 Recipient address rejected: Greylisted
 (in reply to RCPT TO command))
                          raje@example.com
```

या कंसात पहिल्यांदा शोधायचा तो `said:` हा शब्द. तो असला तर बोलतोय पलीकडचा सर्व्हर. म्हणजे तार शाबूत आहे, डीएनएस बरोबर आहे, जोडणी झाली, आणि मग कुणीतरी शुद्धीत राहून नकार दिला. तो नसला तर बोलतोय आपलाच सर्व्हर, आणि पुढे जे लिहिलंय तो त्याचा स्वतःचा अनुभव आहे. अशा वेळी दिसणारा `4.4.1` हा कोडही पलीकडून आलेला नसतो, आपल्याच पोस्टफिक्सने बसवलेला असतो. एवढा एक फरक ओळखला की निम्मं निदान होतं. दुसरी नजर शेवटच्या शब्दांकडे टाकावी: नकार कोणत्या टप्प्यावर आला. `RCPT TO` वर आला तर अडचण बहुधा त्या माणसाच्या पेटीची किंवा ग्रेलिस्टिंगची. `end of DATA` वर आला तर समोरच्याने सगळा मजकूर घेतला, तपासला आणि मग हात आखडता घेतला.

आता एक पूर्ण प्रकरण वाचून बघू. प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण अशी रांग कुठल्याही मध्यम कचेरीत सापडेल. चारशेबारा मेल थांबलेत. `mailq` ने चारशेबारा नोंदी वाचत बसण्यात अर्थ नाही. पोस्टफिक्सबरोबर येणारी `qshape` ही स्क्रिप्ट तेच मेल डोमेन आणि वय यांनुसार मांडते. वरचे आकडे मिनिटांचे आहेत. `160` या स्तंभात ऐंशी ते एकशेसाठ मिनिटं वयाचे मेल येतात.

```
$ qshape deferred
               T  5 10 20 40  80 160 320 640 1280 1280+
      TOTAL  412  0  4  9 31 120 210  22   6    4     6
example.com  331  0  2  6 24 105 190   4   0    0     0
example.net   58  0  2  3  6  12  18  16   1    0     0
example.org   23  0  0  0  1   3   2   2   5    4     6
```

तीन डोमेन, तीन वेगळ्या गोष्टी, आणि कारणाची ओळ न वाचताही त्यांचा आकार बोलतो. पहिल्या ओळीत फुगवटा आहे. बहुतेक मेल चाळीस ते एकशेसाठ मिनिटांच्या वयाचे, त्याआधी आणि त्यानंतर तुरळक. याचा अर्थ दोन-अडीच तासांपूर्वी कुणीतरी एकदम ढीग सोडला. हिशेब विभागाने महिनाअखेरीची विवरणपत्रं पाठवली असतील. दुसऱ्या ओळीत फुगवटा नाही. पाच तासांपासून आत्तापर्यंतचे मेल कमी-अधिक प्रमाणात साठत आलेत, म्हणजे पलीकडे काहीतरी पाच तासांपूर्वी बंद पडलं आणि अजून बंद आहे. तिसरी ओळ म्हाताऱ्यांची. निम्म्याहून अधिक मेल पाच तासांपेक्षा जुने, सहा तर एकवीस तासांवरचे. हे डोमेन आजारी नाही, बहुधा गेलेलं आहे.

आता कारणं. `example.org` खाली लिहिलेलं असतं:

```
Host or domain name not found. Name service error
for name=example.org type=MX: Host not found, try again
```

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. डोमेनच नसेल तर डीएनएस ठामपणे 'नाही' सांगतो आणि मेल लगेच परत जातो. `try again` चा अर्थ, डीएनएसने ठाम काहीच सांगितलं नाही: त्या डोमेनचे नेमसर्व्हर उत्तर देत नाहीत किंवा चुकीचं देतात. हे आपल्या डीएनएसचं दुखणं असतं तर इतर डोमेनांखालीही हीच ओळ दिसली असती. ती दिसत नाही, म्हणून गोष्ट पलीकडची. असे मेल पाच दिवस थांबून आपोआप परत जातात. पत्ता टंकताना एक अक्षर चुकलं की मेल पुष्कळदा असाच अडकतो, कारण चुकीच्या नावाची डोमेनंही कुणीतरी घेऊन ठेवलेली असतात आणि तिथे मेल घ्यायला कुणीच बसलेलं नसतं. पाठवणाऱ्याला मात्र वाटतं की मेल गेला.

`example.net` च्या अठ्ठावन्न मेलपैकी दोन-तिघांखाली `connect to mx.example.net[198.51.100.7]:25: Connection timed out` असतं आणि उरलेल्या सगळ्यांखाली त्याच वाक्याआधी `delivery temporarily suspended:` हे शब्द जोडलेले असतात. हे नवख्याला हमखास फसवतं. त्याला वाटतं पलीकडच्याने आपला मेल निलंबित केला. खरं तर ते वाक्य आपल्या पोस्टफिक्सचं आहे. लागोपाठ काही जोडण्या फसल्या की तो त्या ठिकाणाला काही मिनिटांपुरतं मृत समजतो आणि बाकीच्या मेलसाठी प्रयत्नच करत नाही. दुसऱ्या मेलला आलेला अनुभवच यांच्याखाली चिकटवतो. म्हणून ज्या मेलखाली हे शब्द आहेत, त्याच्याबद्दल त्या ओळीतून काहीही कळत नाही. शोधायचं ते मूळ वाक्य, आणि मग आपल्या सर्व्हरवरून आणि दुसऱ्या एखाद्या नेटवर्कवरून त्याच पत्त्याच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करून बघायची. दोन्हीकडून होत नसेल तर त्यांचा सर्व्हर बंद आहे, वाट बघावी. दुसरीकडून होते आणि आपल्याकडून होत नाही, तर मधे कुठली तरी फायरवॉल आहे. सगळ्याच डोमेनांसाठी वेळ संपत असेल, तर आपल्या इंटरनेट पुरवठादाराने बाहेर जाणारा २५ पोर्ट अडवलाय का, हे पहिल्यांदा विचारावं.

उरला मोठा ढीग. `example.com` खाली समोरचा सर्व्हर बोलतोय: `421 4.7.0`, या आयपीवरून फार मेल येताहेत, नंतर प्रयत्न करा, आणि हे `end of DATA` नंतर. मधला आकडा सात. इथे तार, यंत्र, डीएनएस सगळं ठीक आहे. त्यांना आपला वेग पसंत नाही. अशा वेळी हात शिवशिवतात आणि बोटं `postqueue -f` टंकतात. त्याने थांबलेले सगळे मेल एकदम सुटतात, वेगाची तक्रार करणाऱ्याच्याच दारात पुन्हा तोच लोंढा जातो आणि नकाराची मुदत वाढते. सात आकड्याच्या नकारावर जोर लावणं हे रांगेच्या कामातलं सर्वांत महाग पडणारं पाऊल आहे, असं माझं मत. त्याऐवजी त्या डोमेनसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट करून दोन मेलमध्ये एक सेकंदाचं अंतर ठेवावं. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी `_destination_rate_delay` ही सेटिंग २.५ पासून आहे. ३३१ मेलना एका सेकंदाप्रमाणे साडेपाच मिनिटं लागतात. हिशेब विभागाला ती परवडतात. मग सगळे न सोडता `postqueue -i` ने एकच मेल पाठवून बघावा. तो गेला तर बाकीचे आपापल्या वेळेने जातील.

लॉगमधल्या एका आकड्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण त्यावरून वाद होताना मी पाहिलेत. २००६ च्या २.३ आवृत्तीपासून पोस्टफिक्स प्रत्येक प्रयत्नाच्या नोंदीत वेळेचे चार आकडे देतो:

```
delay=1503, delays=1501/0.02/1.1/0.4, dsn=4.2.0,
status=deferred
```

पहिला आकडा रांग-व्यवस्थापकाने मेल हातात घेण्यापूर्वीचा, दुसरा त्याच्याकडे गेलेला, तिसरा जोडणी करण्यात, चौथा मेल प्रत्यक्ष पाठवण्यात. पहिला आकडा १५०१ सेकंद बघून लोक म्हणतात, आपलाच सर्व्हर पंचवीस मिनिटं झोपला होता. तसं नसतं. पूर्वी एकदा थांबलेल्या मेलच्या बाबतीत `deferred` मध्ये काढलेला सगळा वेळ या पहिल्या आकड्यातच धरला जातो. त्या मेलच्या अगदी पहिल्या प्रयत्नाची नोंद शोधावी. तिथेही हा आकडा मोठा असेल तर आपल्याकडे काहीतरी तुंबलंय. दुसरा मोठा असेल तर `active` मध्ये गर्दी आहे. तिसरा मोठा असेल तर पलीकडचा सर्व्हर स्वागताला उशीर लावतोय किंवा डीएनएस रेंगाळतोय.

चौथा आकडा मोठा असला तर जरा सावध व्हावं. कधी कधी मजकूर पूर्ण जातो, समोरचा तो तपासत बसतो, आणि 'मिळाला' असं म्हणण्याआधी आपला धीर सुटतो. पोस्टफिक्स इथे दहा मिनिटं थांबतो. मग ओळ येते `timed out while sending end of data -- message may be sent more than once`. पलीकडे मेल पोचलेला असू शकतो, आपल्याकडे तो थांबलेला दिसतो, आणि प्रत्येक पुनःप्रयत्नात एक नवी प्रत जाते. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ च्या आरएफसी १०४७ मध्ये याच दुखण्याबद्दल लिहिलं होतं, आणि ते अजून पूर्ण गेलेलं नाही. 'तुमचा मेल सात वेळा आला' अशी तक्रार आली तर रांगेत ही ओळ शोधावी.

गेल्या काही वर्षांतल्या दोन घटना मात्र अशा आहेत की त्यांत रांगेने एकदा गुपित राखलं आणि एकदा तिला कामच दिलं गेलं नाही.

पहिली १ जानेवारी २०२२ ची. जगभरातल्या कचेऱ्यांमधल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ च्या सर्व्हरांवर नव्या वर्षाच्या पहिल्या मिनिटांत मेल तुंबू लागले. रांगेत कारण काय दिसत होतं? मेल कॅटेगरायझरच्या एका एजंटने थांबवला, एवढंच. हे खरं होतं आणि निरुपयोगी होतं. खरं कारण विंडोजच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये होतं: `Can't convert "2201010001" to long`. विषाणू तपासणाऱ्या इंजिनाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनत होता आणि तो ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवला जात होता. त्या खणात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. डिसेंबर २०२१ चे क्रमांक २११२ ने सुरू होत असल्याने मावत होते. २०२२ उजाडलं आणि मावेनासे झाले. तपासणी चालेना, आणि तपासल्याशिवाय मेल पुढे सोडायचा नाही, म्हणून सगळं रांगेत. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या दुरुस्तीत नवा क्रमांक होता `2112330001`, म्हणजे डिसेंबर २०२१ ची तेहेतीस तारीख. ती मुद्दाम घातलेली होती. मेल हरवले नाहीत, पण तुंबलेला ढीग उतरायला त्याच्या आकाराप्रमाणे वेळ लागला. लिनक्सवरही हीच जात भेटते: रांगेत `connect to 127.0.0.1` असं काही दिसलं, तर पलीकडच्याला फोन लावू नका. तो पत्ता आपलाच आहे, आणि बंद पडलाय तो आपलाच विषाणू किंवा स्पॅम तपासणारा प्रोग्राम. अशा वेळी कारणाची ओळ फक्त शेजाऱ्याकडे बोट दाखवते. पुढचं वाचन त्या शेजाऱ्याच्या लॉगमध्ये.

दुसरी घटना याआधीची, डिसेंबर २०२० ची. गूगलच्या एका अंतर्गत बदलात मेल घेणाऱ्या सेवेला `gmail.com` ऐवजी चुकीचं डोमेन-नाव मिळालं, आणि अस्तित्वात असलेल्या पत्त्यांनाही ती `550 5.1.1`, असा माणूस इथे नाही, असं सांगू लागली. चूक तात्पुरती होती, कोड कायमचा होता. परिणाम असा की जगभरच्या सर्व्हरांनी नियमाप्रमाणे ते मेल रांगेत ठेवलेच नाहीत. तत्काळ परत केले. तेच उत्तर `4` ने सुरू झालं असतं तर मेल काही तास थांबून निमूट पोचले असते. वृत्तपत्रिका पाठवणाऱ्या यंत्रणांनी तर 'पत्ता नाही' समजून चांगले पत्ते याद्यांतून वगळण्याचा धोका होता. थांबलेली रांग पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांना मी ही घटना सांगतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागू झाले. पाठवणाऱ्या आयपीला उलटं डीएनएस-नाव हवं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली हव्यात. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की गूगलने आधी काही मेलना तात्पुरते नकार द्यायला सुरुवात केली आणि एप्रिलपासून कायमचे. तात्पुरता नकार इथे नोटीस म्हणून वापरला गेला. `421 4.7.26` आला तर त्यात लिहिलेलं असतं की या मेलची ओळख पटत नाही म्हणून वेग कमी केलाय. १९८९ च्या नियमाप्रमाणे आपला सर्व्हर मेल बाजूला ठेवतो आणि पुन्हा पुन्हा जातो. पण एसपीएफची नोंद थांबून राहिल्याने उगवत नाही. पाच दिवसांत त्याला पन्नासहून अधिक वेळा तेच उत्तर मिळू शकतं, आणि प्रत्येक फेरी त्या आयपीच्या लौकिकावर नवा डाग ठरू शकते.

म्हणून ओळख न पटल्याचा सात दिसला की मेल `postsuper -h` ने बाजूला धरून ठेवावा, `mailq` मध्ये त्याच्यापुढे उद्गारचिन्ह येतं, मग डीएनएस दुरुस्त करावं आणि नंतरच `postsuper -H` ने सोडावा. मधला आकडा चार असेल तर हात लावू नये.

एका बाबतीत पोस्टफिक्सची मूळ सेटिंग मला पटत नाही. `delay_warning_time` मुळात शून्य असते, म्हणजे मेल थांबला आहे हे पाठवणाऱ्याला पाचव्या दिवशी, मेल परत आल्यावरच कळतं. सेंडमेलच्या सूचनांनी लोक गोंधळत हे खरं, पण निविदेची मुदत उद्या संपत असताना पाच दिवसांनी मिळालेली बातमी काय कामाची? बँकेचा ओटीपी पाठवणाऱ्या सर्व्हरवर तर पाच दिवसांची चिकाटीच हास्यास्पद आहे; तिथे `maximal_queue_lifetime` तासाभरावर आणणारे प्रशासक शहाणे. साध्या कचेरीच्या सर्व्हरवर सूचना चार तासांवर ठेवावी आणि तिचा मजकूर मराठीत लिहावा. पोस्टफिक्स त्यासाठी `bounce_template_file` देतो, आणि सूचनेच्या शेवटी कारणाची तीच ओळ, कोडासकट, जशीच्या तशी जाते.